बळीच्या संवादातली आईची बाजू

आषाढ लागायच्या आधी चाकूरच्या आमच्या शाळेत दहावीच्या वर्गात भांडण झालं. मी मराठी शिकवते. धडा संपला होता, पाच-सात मिनिटं उरली होती, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला सांगत होता की यंदा गावच्या जत्रेत त्याच्या नावाचा बोकड द्यायचा आहे. लहानपणी तो फार आजारी पडला होता, तेव्हाचा नवस राहून गेलेला. पुढच्या बाकावरची एक मुलगी मागं वळून म्हणाली की मुक्या जनावराला मारून कुणाचं भलं होत नसतं. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मग तिसऱ्याच कुणीतरी म्हटलं, आमचंच काय दिसतं, आधी त्यांची ईद बंद करा. वर्ग एकदम गप्प झाला, कारण ज्यांच्याकडं बोट होतं त्या दोन मुली खिडकीपाशी मान खाली घालून बसल्या होत्या.

मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की विषय तिथंच मिटवावा. मी त्यांना म्हटलं, मिटवलं तर तो मैदानावर निघेल. मला थोडे दिवस द्या, मी यावर संवाद लिहिते, मुलं तो वर्गात सादर करतील. त्यांनी अटी घातल्या. कुठल्या देवाचं, गावाचं, जातीचं नाव येता कामा नये, आणि शेवटी कुणी जिंकता कामा नये.

खुला वादविवाद मला नकोच होता. खुल्या वादात मूल आपल्या घराकडून बोलतं आणि ऐकणारे त्याचं आडनाव ऐकतात. लिहिलेल्या संवादात बोलणं भूमिकेचं असतं. मी नियम ठरवले. भूमिका पाच. नवस फेडणारी बाई, बंदी मागणारा तरुण, कुर्बानी देणाऱ्या घरातली मुलगी, ज्याच्या आजोबांना गावच्या बळीचा रेडा ओढावा लागला तो माणूस, आणि कायदा सांगणारी वकील. सहावा सूत्रधार. प्रत्येकाला सारखीच जागा. कोणती भूमिका कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरणार. दुसऱ्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं, आणि त्यानं ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं कबूल केल्याशिवाय पुढं जायचं नाही. मतदान नाही. शेवटी प्रत्येकानं समोरच्या बाजूचं एक वाक्य सांगायचं, ज्याला आपल्याकडं उत्तर नाही.

प्रश्नही मी सुटे केले. जनावर मारणं चूक आहे का, हा एक. खाण्यासाठी मारणं आणि देवासाठी मारणं यांत फरक आहे का, हा दुसरा. आणि चूक मानलं तरी ते कायद्यानं थांबवावं का, हा तिसरा. मुलं भांडली तेव्हा तिन्ही एकातच कालवले गेले होते.

वकिलाची भूमिका सोपी गेली. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा केंद्राचा कायदा आहे, पण धर्माच्या रीतीनुसार प्राणी मारण्याला त्यात सूट आहे. गाय-बैल कापायला आपल्या राज्यात बंदी आहे, बोकडाच्या बळीवर वेगळा कायदा नाही. पलीकडं तेलंगणात आणि कर्नाटकात असे कायदे आहेत, आणि तिथंही जत्रेत बोकड कापले जातातच, फक्त देवळाच्या आवाराबाहेर, आडोशाला. हे सगळं तिच्या तोंडी घातलं.

कुर्बानीच्या भूमिकेसाठी मी गणिताच्या मॅडमना विचारलं. त्यांच्या घरी कुर्बानी होते. मांसाचे तीन वाटे करतात, एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. जनावर आधी घरात ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं, त्याच्यासमोर सुरी पाजळायची नाही, एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. ज्याच्यावर जीव जडलाय तेच द्यायचं, म्हणून ते कठीण. जाताजाता त्या म्हणाल्या, “आमच्यावर बोट दाखवायला तुमचा बोकड पुढं करू नका, आणि तुमचा बोकड वाचवायला आम्हाला पुढं करू नका.” मी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं.

पहिला मसुदा झाला तो मी इतिहासाच्या सरांना वाचायला दिला. सर बौद्ध घरातले, हदगावकडचे. बळीच्या विरुद्ध त्यांच्याइतकं पक्कं मत मी कुणाचं पाहिलं नाही, म्हणून त्यांना तो आवडेल अशी माझी खात्री होती. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत बसून तो पूर्ण वाचला आणि नवस फेडणाऱ्या बाईच्या पानावर बोट ठेवलं.

“ही बाई तुम्ही हरायसाठी लिहिली. हिला काहीच बोलता येत नाही. असा विजय मला नको,” ते म्हणाले.

मग रेडा ओढण्याच्या भूमिकेसाठी त्यांनी आपल्या आजोबांचं सांगितलं. गावच्या देवीला रेडा द्यायचा असे तेव्हा तो ओढत न्यायचं काम त्यांच्या वस्तीचं. घाव घालायचा मान दुसऱ्याचा, दोरी धरायची यांनी. नंतर रक्तात कालवलेला भात पाटीत घालून, रेड्याचं मुंडकं डोक्यावर घेऊन शिवेभोवती फिरायचं, म्हणजे रोगराई आत येत नाही. शिवेवरून परत येताना आजोबांच्या मानेवरून जे ओघळायचं ते लोक बघायचे आणि बाजूला व्हायचे. गावाचं भलं झालं की मान पाटलाचा, विटाळ यांचा. छप्पन सालानंतर वस्तीनं दोरी धरायचं सोडलं. आजोबा म्हातारपणी अंघोळीला बसले की मानेला दगडानं घासत राहायचे, आजी ओरडायची, कातडी निघून राहिली आता. सर म्हणाले, “माझा प्रश्न बोकडाच्या आधी हा आहे, की बळी देणारा कोण आणि दोरी कुणाच्या हातात. ते लिहा. पण त्या बाईलाही बोलू द्या. तिला तिच्या घरातून उठवून आणा.”

तिला कुठून आणायचं हे मला ठाऊक होतं. ती माझ्याच घरी राहते.

माझं माहेर बिलोली तालुक्यातलं. वडील गेल्यापासून आई माझ्याकडं असते. आषाढ आला की ती बदलते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी ती दार लोटू देत नाही. चौकटीला टेकून बसते आणि कुणी मोठ्यानं बोललं तर हातानं गप्प करते. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, काय ऐकताय, तर म्हणाली, काही न्हाई. मी कधी विचारलं नाही. त्या महिन्यात आमच्या घरात एक माणूस जास्त असल्यासारखं वाटतं, आणि आम्ही सगळे त्याच्यासाठी वाट सोडून चालतो.

रविवारी दुपारी ती डाळ निवडत होती. मी समोर बसले आणि शाळेतलं सगळं सांगितलं. मग विचारलं, “माय, जीवच का द्यावा लागतो? नारळानं का भागत न्हाई?”

तिचा हात सुपातच राहिला. मग ती बोलायला लागली.

थोरला भाऊ चार वर्षांचा असताना त्याचा ताप मेंदूत गेला होता. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आईनं व्हरांड्यात उभं राहून गावच्या देवीला बोकड बोलला. भाऊ वाचला. आईनं बोकड पाळला, काळा, एका रंगाचा, कान न फाटलेला, न खच्ची केलेला, कारण देवीला खोडीचं जनावर चालत नाही. तो अंगणात वाढत होता तोवर वडिलांनी माळ घातली. गळ्यात माळ आणि दारात रक्त, हे त्यांना जमणारं नव्हतं. देवळासमोर त्यांनी कोहळा फोडला, आत कुंकू भरलेला. एवढं मलाही आठवतं, तो लाल गर मातीत पडलेला. बोकड त्यांनी बाजारात नेऊन विकला. देवीला सांगितलं, हेच गोड मानून घे.

भाऊ मोठा झाला, नोकरीला लागला, आणि एका आषाढात नायगावच्या रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली.

“तुझा बाप म्हणायचा, आपण एक जीव वाचिवला,” आई म्हणाली. “कुठं वाचिवला? बाजारातून तो कुठं गेला असंल? खाटकाकडंच ना. तिथं त्याला कुणी हळद लावली का? कुणी त्याच्या पाया पडलं का? कुणी म्हणलं का, बाबा, माझ्या लेकरापायी तुला जावं लागून राहिलं? तो मेलाच. नुसता फुकट मेला. आन कोहळ्याला काय रगत असतंय?”

मग तिनं ते सांगितलं. आषाढात अंधार पडायच्या वेळेला तिला दाराशी खुरं वाजलेली ऐकू येतात. फरशीवर, हळू, एकाच जनावराची. ओरडत नाही, आत येत नाही, उभं राहतं. तिला भीती वाटत नाही, ती म्हणाली. फक्त दार लावून घ्यायला तिचा हात उचलत नाही.

मी हे सगळं लिहिलं. खुरांचं सोडून. तिच्या बोलण्यातली गावची भाषा मात्र काढली, म्हणणं तिचंच ठेवलं. नवस फेडणाऱ्या बाईचं पान आता सगळ्यांत जड झालं, आणि माझ्याच नियमाप्रमाणे बंदी मागणाऱ्या तरुणाला त्याचं उत्तर देणं भाग होतं. तिथं मी अडकले. प्राण्याच्या वेदना, मुलांच्या मनावर होणारा परिणाम, देवळाभोवतीची घाण, दुसरे पर्याय, हे त्याचे मुद्दे तयार होते. त्यातला एकही आईच्या बोलण्याला लागत नव्हता. भाऊ गेला तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की हा अपघात आहे. ते उत्तर नव्हतं, ती समजूत होती. रोज शाळेतून आल्यावर मी त्या पानाशी बसायची आणि पलीकडं ती चौकटीला टेकलेली असायची. तिच्या पाठीकडं बघत मी शेवटी ते उत्तर लिहिलं.

संवाद कधी आहे हे कळल्यावर आई म्हणाली, मला यायचंय. मी तिला सांगितलं की तिचं बोलणं त्यात आहे. ती म्हणाली, म्हणून तर.

चिठ्ठ्यांनी आपलं काम केलं होतं. नवस फेडणारी बाई अंडंही न खाणाऱ्या घरातल्या मुलीला मिळाली, आणि बंदी मागणारा तरुण, ज्याच्या नावाचा बोकड दारात बांधलेला होता त्या मुलाला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, बदलून देऊ का. तो नको म्हणाला. कुर्बानीच्या घरातली मुलगी झाला होता एक उंच मुलगा, आणि त्यानं मॅडमचं ते बोट दाखवायचं वाक्य म्हटलं तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या दोघींनी पहिल्यांदा मान वर केली. रेडा ओढणाऱ्याच्या नातवाचं पान झालं तेव्हा इतिहासाचे सर दाराबाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मग बाई आणि तरुण या दोघांची पाळी आली. ते पान असं होतं.

बाई: तुम्ही बंदी कशावर घालताय? ज्याला मी नावानं ओळखते, ज्याच्या मी पाया पडते, त्याच्यावर? रोज बाजारात जे कापले जातात त्यांचं नाव कुणी विचारतं का? माझा बोकड वाचवला म्हणतात, आणि तो खाटकाकडं जाऊन मेला. नुसता फुकट मेला.

तरुण: तुम्ही म्हणता की मरण दोन्हीकडं आहे, पण तुमच्याकडं निदान त्याची आठवण आहे, उपकार मानणं आहे. बंदीनं मरण थांबत नाही, फक्त उपकार मानणं थांबतं. हेच ना?

बाई: हो, मला हेच म्हणायचं होतं.

तरुण: बाजारातल्याचं मला उत्तर नाही. पण खाटीक कुणाला असं सांगत नाही की एका जीवाच्या बदल्यात दुसरा जीव द्यावा लागतो. तुम्ही ते लेकराला सांगता. लेकरू वाचलं तर ते आयुष्यभर कुणाच्या तरी जागेवर जगतं. आणि लेकरू गेलं तर आईला वाटतं, माझ्यानं द्यायचं राहिलं म्हणून गेलं. जिनं लेकरू दिलं ती देवी राहिलेला बोकड वसूल करायला लेकरू उचलून नेईल, असं मानायचं, तर मग तिला आई कशाला म्हणायचं? आई, तुमचं काही राहिलेलं नाही.

‘आयुष्यभर कुणाच्या तरी जागेवर’ इथं तो मुलगा थांबला. पाठ झालेलं होतं, विसरला नव्हता. सूत्रधार मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवून थांब म्हटलं. मग त्यानं कागदाकडं न बघता पुढचं म्हटलं, हळू, आणि शेवटचं वाक्य म्हणताना तो समोरच्या मुलीकडं बघत नव्हता. शेवटच्या बाकावर माझी आई बसली होती. ती कोण हे त्याला माहीत नव्हतं. वर्गात वयानं आई म्हणावं अशी तीच एक होती, म्हणून तो तिकडं बघत असेल.

उत्तर नसलेलं वाक्य सांगायची वेळ आली तेव्हा बाई झालेली मुलगी म्हणाली की लेकरू गेलं तर आईला काय वाटतं, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. मुलगा म्हणाला, बाजारातलं. कायद्यानं थांबवावं का, यावर मात्र वर्ग कुठंही पोचला नाही, आणि मुख्याध्यापकांना त्याचंच समाधान वाटलं.

आम्ही घरी आलो. चहा झाल्यावर आई म्हणाली, “ते पोरगं शेवटी म्हणलं ते तू लिहिलंस?”

“हाव.”

“नुसतं वादासाठी, का तुझ्या मनातलं?”

“मनातलं.”

तिनं रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मला वाटायचं तुमी समदे मनातून मलाच दोषी धरून चाललाव. तुझा बाप बी.” मी नाही म्हणाले. तिनं ऐकलं का, मला कळलं नाही.

त्या मुलाच्या घरचा नवस पुढच्या आठवड्यात फिटला. तो सोमवारी स्वतःहून येऊन सांगून गेला. आजीचं मन मोडता आलं नाही. बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडलं तेव्हा मुलगा देवळामागं जाऊन उभा राहिला. जेवायला मात्र बसला, हेही त्यानं सांगितलं.

आईनं गावाला जायचं काढलं. देवीला काही द्यायचं नव्हतं, नुसतं जाऊन यायचं होतं. आम्ही नांदेडला गाडी बदलून बिलोलीला आणि तिथून रिक्षानं गावात पोचलो. देऊळ गावाबाहेर, लिंबाखाली. तिथं आधीच एक कुटुंब आलेलं होतं. तरणी बाई, कडेवर लहान मूल, तिचा नवरा, सासू, हलगी वाजवणारे दोघं. बोकड तांबडा होता. त्याला हळदकुंकू लावून झालं होतं, पाठीवर पाणी ओतलं होतं, आणि आता सगळे वाट बघत होते. बोकडानं अंग थरथरवलं की देवीनं तो मान्य केला. थरथरला नाही तर कापत नाहीत.

तो उभाच होता. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. पाणी त्याच्या पोटावरून खाली गळत राहिलं आणि तो पायाशी पडलेला झेंडू खाऊ लागला. सासू हात जोडून देवीला काय चुकलं ते विचारू लागली. कडेवरच्या मुलाला त्याची आई सारखी घट्ट धरत होती. हलगी थांबली होती. मी मनात म्हणत होते की नको थरथरू. त्याच वेळी त्या तरण्या बाईचा चेहरा बघून मला दुसरंही वाटत होतं, आणि दोन्ही खरं होतं.

आई माझ्या शेजारून निघून पुढं गेली. कुणी तिला अडवलं नाही, म्हातारी बाई आशीर्वाद द्यायला येते असं त्यांना वाटलं. ती बोकडापाशी वाकली. काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मग तिनं त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला, जसा अंगणातल्या जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा, मानेपासून मागं. आणि तो थरथरला. डोक्यापासून शेपटीपर्यंत, पाणी चारी बाजूंना उडालं.

हलगी लागली. सासू आईच्या पाया पडली. नवऱ्यानं बोकडाला मागं ओढलं, आणि मी आईला धरून लिंबापलीकडं आणलं. आमच्या पाठीमागं जे झालं ते झालं. त्या लोकांनी आम्हाला जेवून जा म्हणून फार आग्रह केला. आई म्हणाली, गाडी चुकंल.

नांदेडपर्यंत तिनं उजवा हात मांडीवर उपडा न ठेवता उताणाच ठेवला होता. लोह्याच्या पुढं ती म्हणाली, “मी त्याला म्हणलं, तुला जायचं नसंल तर उभा ऱ्हा. म्या हाय इथं.”

मी तिचा तळहात माझ्या हातात घेतला. तो वाळला होता, पण गार होता. खिडकीबाहेर सोयाबीनच्या कोवळ्या ओळी सरकत होत्या, आणि चाकूर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.